पाठराखीण पुढच्या सीटवर

"पोरगी बसली अन् हेलिकॉप्टर बी वर जाऊन नाही राहिलं! पाहा, पाहा बाप्पा! आमच्या घरात पाय ठेवायच्या आधीच हे असं!"

नवरदेवाचे मामा ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की वैनगंगेपलीकडच्या म्हशी पाण्यातून उठून उभ्या राहिल्या असतील. माझ्यावर विश्वास नसेल तर म्हशींना विचारा. समोर धान कापून मोकळी झालेली बांधी, तिच्या मधोमध चुन्याचं भलंमोठं वर्तुळ, वर्तुळात आमचं हेलिकॉप्टर, आणि दोरीच्या अलीकडे सिहोरा भागातली, माझ्या हिशेबाने, अर्धी पृथ्वी. हेलिकॉप्टर नुकतंच दोन हात वर उठून, नाक वर करून, पुन्हा जमिनीवर बसलं होतं. पंखा मंदावत होता. आणि ते वर न जाण्याला जबाबदार असलेला कागद माझ्या हातात होता.

ही गोष्ट आपल्या भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्याच्याही बऱ्याच नंतरची. तेव्हा गावोगावच्या पैसेवाल्यांना पोरीची पाठवणी हेलिकॉप्टरने करायची हौस सुटली होती. मी लाखनीकडचा, पण नोकरी नागपूरला, भाड्याने हेलिकॉप्टर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. काम काय, तर आदल्या दिवशी जीपने पुढे जायचं, मैदान बघायचं, धूळ उडू नये म्हणून पाणी मारून घ्यायचं, आणि बसणाऱ्या प्रत्येकाचं आणि प्रत्येक पिशवीचं वजन करून तोलाचा कागद बनवायचा. गावात मी पायलट असल्याची बातमी होती. ती कोणी पसरवली ते मी सांगणार नाही, पण मी ती कधी खोडलीही नाही.

खरी पायलट होती आमची कॅप्टन बाई. पुण्याकडची, किडकिडीत, वजन त्रेपन्न किलो, बोलणं त्याहून कमी. ती खाली उतरली, हेल्मेट काढलं, माझ्यापर्यंत चालत आली आणि हळूच म्हणाली, "तुमचा कागद खोटं बोलतोय."

चौदा वर्षांच्या नोकरीत मला कोणी चोर म्हटलं असतं तर मी हसलो असतो. हे मात्र लागलं.

आता हा कागद काय असतो ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. कावड पाहिली आहे ना? खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोन घागरी. मागची घागर भरलेली आणि पुढची अर्धी असली की माणूस खांदा पुढेमागे सरकवतो. हेलिकॉप्टरचा खांदा म्हणजे वरचा पंखा. सगळं धूड त्याला टांगलेलं. पण हा खांदा सरकत नाही, म्हणून घागरीच नीट भराव्या लागतात. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले तिचं नाकापासूनचं अंतर, अशा सगळ्यांची बेरीज करायची, रिकाम्या मशीनची आणि इंधनाची त्यात घालायची, आणि एकूण वजनाने भागायचं. येतं ते तोलाच्या बिंदूचं नाकापासूनचं अंतर. कागदावर एक चौकट छापलेली असते. ठिपका चौकटीच्या आत पडला तर उडायचं. बाहेर पडला तर साक्षात इंद्र बसला असला तरी उतरवायचा. आणि ठिपके दोन काढायचे, निघतानाचा आणि पोचतानाचा, कारण वाटेत इंधन जळतं तसा तोलही थोडा सरकतो.

तोल मागे गेला तर शेपूट खाली आणि नाक वर. मग पायलट हातातला दांडा पुढे ढकलून नाक खाली आणतो. पण दांड्यालाही शेवट असतो. जागच्या जागी तरंगतानाच तो शेवटाजवळ पोचला, तर पुढे जायला ढकलणार काय? वाऱ्याने एकदा नाक उचललं की झालं. म्हणून जमिनीपासून दोन हातांवर थांबून आधी दांडा कुठे आहे ते बघतात. आमच्या बाईने तेच बघितलं होतं.

"कागदाप्रमाणे दांडा मधल्या खुणेच्या जरा पुढे हवा होता," ती म्हणाली. "मी जवळजवळ शेवटाला टेकले होते. मागे जास्त वजन आहे. किती, ते तुम्ही शोधा. सूर्य मावळायच्या आत मला पलीकडे उतरायचंय. तुमच्याकडे चाळीस मिनिटं."

मी पोटडीकडे धावलो. पोटडी म्हणजे मागच्या सीटच्याही मागे, शेपटीच्या मुळाशी असलेला सामानाचा कप्पा. तिथलं एक किलो पुढच्या दहा किलोंना भारी. मला वाटलं, बायकांनी माझी नजर चुकवून आणखी काही कोंबलं असेल. भंडाऱ्याच्या पितळेची हौस मला ठाऊक आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात इतकं पितळ दिलं होतं की बस एका बाजूला झुकून कारध्यापर्यंत गेली. पण नाही. नग मोजले तर नऊच. पाणी भरायचे दोन पितळी गुंड, एक घागर, चिन्नोर तांदळाचा कट्टा म्हणजे पोतं, दोन पेट्या, लोणच्याची बरणी, आत्याबाईंची थैली आणि अनारशांची पाटी. माझ्या यादीत अगदी हेच. एकूण एकेचाळीस किलो.

तोपर्यंत दोरीजवळ मामांचं दुसरं भाषण सुरू झालं होतं.

"पन्नास लग्नं केली म्या! कुठं गाडी अडली नाही! बैल नाही अडला! अन् इथं पोरगी बसल्याबरोबर मशीनच खाली बसते! हे बरं लक्षण नोहे!"

नवरदेवाकडच्या दोन बायका एकमेकींकडे बघून 'च्‌च्‌' करू लागल्या. ते 'च्‌च्‌' मी ओळखतो. ते आज सुरू झालं की पुढली वीस वर्षं थांबत नाही. म्हैस आटली की सून, पाऊस लांबला की सून. मुलगी आत खिडकीशी बसली होती, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, आणि सगळं ऐकत होती. पंखा बंद होता ना, ऐकू येणारच.

तिचे वडील गावातले भातगिरणीवाले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पांढराशुभ्र कुर्ता, कपाळाला गंध, आणि चेहरा असा की देवळातल्या मूर्तीने सकाळी उठून यांच्याकडे बघून सराव करावा. ते माझ्यापाशी आले. "काय जी, काय झालं? खर्च लागत असन तं सांगा."

"खर्चाचं नाही भाऊ. वजन जुळत नाही."

"वजन तं आपल्याच काट्यावर केलं ना तुमी?"

केलं होतं. कारण माझा स्वतःचा वजनकाटा इंधनाच्या पिंपाखाली चिरडून पापड झाला होता. नियमाने मी नागपूरला फोन करून दुसरा मागवायला हवा होता. पण भाऊंनी गिरणीतला लोखंडी काटा दाखवला, दांडीवर वजन सरकवायचा, जुन्या जमान्याचा, हत्ती तोलला तरी न कुरकुरणारा, आणि आधी चहाबरोबर भजी दिली. भज्यांनी माझं तंत्रज्ञान विरघळवलं. सकाळी एकेकाला त्यावर उभं केलं. नवरी अठ्ठेचाळीस, नवरदेव एकाहत्तर, आणि पाठराखीण म्हणून जाणाऱ्या आत्याबाई, भाऊंची थोरली बहीण, चौऱ्याण्णव. त्या काट्यावरून उतरताना लाजल्या. "बारीक झाली मी," म्हणाल्या. सगळेच त्या काट्यावर खूश होते. अनारशांची पाटी ठेवली तर दांडी हललीच नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, अनारसे जाळीदारच असतात, आणि एक किलो लिहून मोकळा झालो. पगार घेऊन इतका गाढवपणा करणारा माणूस विदर्भात दुसरा नसेल.

तिघांनी एकाच रांगेत बसायचं, हेही घरच्यांनी ठरवलं होतं. आमच्या मशीनमध्ये मागे समोर तोंड केलेल्या तीन सीट, त्यांच्यापुढे उलट तोंडाच्या दोन, आणि पायलटशेजारी एक. नवरी उलट तोंडाने सासरी जाणार नाही, हे पहिलं. पाठराखीण नवरीला चिकटून बसणार, हे दुसरं. म्हणून पुढच्या तीन सीट मोकळ्या आणि सगळा भार मागे. मी कागदावर करून बघितलं होतं. ठिपका चौकटीच्या आत पडला होता, मागच्या रेषेपासून पेन्सिलीच्या टोकाएवढा. पण आत.

सगळ्याचा मेळ बसत होता आणि मशीन मात्र नाक वर करत होतं. मग मला नाकच आठवलं. बाई हलकी असल्याने आमच्या मशीनच्या नाकात आम्ही शिशाच्या दोन पिशव्या ठेवायचो, पुढे भार म्हणून. प्रत्येकी दहा किलो, शिक्का मारलेल्या, तपासलेल्या. मी दोन्ही काढल्या आणि गिरणीकडे पळालो. गिरणी बांधीला लागूनच. माझ्यामागे भाऊ, भाऊंमागे मामा, मामांमागे दोरी तोडून निम्मा गाव.

एक पिशवी काट्यावर ठेवली. दांडी म्हणाली सहा.

दुसरी वर ठेवली. वीस किलो शिसं. दांडी म्हणाली सोळा.

मी वर बघितलं. भाऊंच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळत होतं. मला सगळा हिशेब एका क्षणात कळला, आणि तुम्हालाही कळावा म्हणून सांगतो. काटा टक्क्याने खोटा नव्हता. तो दर तोलाला चार किलो गिळत होता, मग वर दहा किलो असो की शंभर. दांडीच्या मागचा नट फिरवला की हे होतं, आणि रिकाम्या काट्याकडे कोणी बघत नाही. धानाचा एक कट्टा, चार किलो गुल. आणि आम्ही सकाळी एकेक नग वेगळा तोलला होता! आठ नगांचे बत्तीस, पाटीत काय असेल ते वेगळं, तीन माणसांचे बारा. पोटडीत एकेचाळीस नव्हे, पाऊणशे किलो होते. हेलिकॉप्टर बिचारं खरं बोलत होतं.

भाऊंनी माझा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "चूप बस ना बाप्पा. मनातल्या मनात चार-चार मिळव, अन् ने पोरीले."

मी तयार होतो. खरं सांगतो, पूर्ण तयार होतो. मला कोणाची गिरणी बंद पाडायची नव्हती, कागद दुरुस्त झाला की माझं काम संपलं. मी कोपऱ्यात बसून आकडे मांडले. ठिपका चौकटीच्या बाहेर पडला, मागच्या बाजूला, चांगला बोटभर. आत्याबाईंना पायलटशेजारी बसवलं, आणि तांदळाचा कट्टा व दोन्ही गुंड पोटडीतून काढून उलट तोंडाच्या सीटना पट्ट्याने बांधले, तर ठिपका आत येत होता. निघतानाचाही, पोचतानाचाही.

पण आत्याबाईंना उठवायचं म्हणजे कारण सांगणं आलं.

"मी नाही उठत!" आत्याबाई आतून गरजल्या. "पाठराखीण हाय मी. पोरीची पाठ राखाची, अन् समोर जाऊन बसू? डायवरजवळ?"

"तोलासाठी, आत्याबाई."

"सकाळी तोल होता, आता कुठं गेला? सकाळी तं चौऱ्याण्णव होती मी!"

"तेच तं म्हणतो मी!" मामाही आमच्यामागे गिरणीतून परत आले होते. "सकाळी समदं बरोबर होतं. पोरगी बसली अन् बिघडलं. आता पाठराखिणीले दूर करून राहिले. अरे, देव दाखवून राहिला, पाहा!"

पुन्हा 'च्‌च्‌'. या वेळी चार बायकांचं. नवरदेवानेही मान खाली घातली. मुलगी खिडकीतून वडिलांकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती, जशी शाळेच्या निकालाच्या दिवशी बघत असेल.

मी भाऊंकडे बघितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या मिनिटाला जे चाललं होतं ते मी कितीही फुगवून सांगितलं तरी कमीच पडेल. समोर दोन-तीनशे शेतकरी, सगळे त्यांना धान घालणारे, कित्येक तर लग्नाला येतायेता नव्या धानाचा कट्टा सकाळीच त्याच काट्यावर टाकून आलेले. तीस वर्षांचं गंध एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खिडकीतली पोरगी.

ते गावाकडे तोंड करून उभे राहिले. आवाज फाटला, पण पार बांधीच्या शेवटच्या धुऱ्यापर्यंत गेला.

"पोरीचं काही नाही! काटा... आपला काटा चार किलो खाते. दर तोलाले चार. सामान जास्त होतं म्हणून उठलं नाही. पोरीले कोणी काही बोलाचं नाही!"

मी लहानपणी एकदा वाघ पाहिला होता (पाहिला नव्हता, पण पाहिला असता तर), तेव्हा जंगल असंच गप्प झालं असतं. मी मनात जीपपर्यंतचं अंतर मोजलं. भाऊ डोळे मिटून उभे होते, आता दगड येईल की शिवी, याची वाट बघत.

सगळ्यांत आधी आवाज आला तो आत्याबाईंचा.

"म्हणजे मी अठ्ठ्याण्णव हावो काय रे?"

"हो ताई," भाऊ डोळे न उघडता म्हणाले.

"साऱ्या गावासमोर सांगतेस!" त्या रागारागाने उठल्या, हेलिकॉप्टर त्यांच्या उतरण्याने एवढं हललं की मी कागदात तेही लिहिणार होतो, आणि वळसा घालून पायलटशेजारच्या सीटवर जाऊन धप्पकन बसल्या. बाईला म्हणाल्या, "चालव वं मा, हळू चालव. अन् तू काही खातेस का नाही? तुहं वजन किती?"

"त्रेपन्न," बाई म्हणाली.

"कोण्या काट्यावर?"

आमची कॅप्टन बाई हसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. शेवटचीही.

मी शिशाच्या पिशव्या नाकात परत ठेवल्या, गुंड आणि कट्टा उलट तोंडाच्या सीटना घट्ट बांधले, दोनदा ओढून बघितले. मामा जवळ येऊन उगाच एका गुंडाला हात लावून बघू लागले. त्यांना बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून म्हणाले, "पितळ चांगलं हाय." मी नवा कागद बाईच्या हातात दिला. तिने सगळे गुणाकार स्वतः पुन्हा केले, ओळ न् ओळ, आणि सही केली.

पंखा फिरला. धूळ उडालीच, मी पाणी मारायला सांगितलं होतं ते कोणी मारलं होतं देव जाणे. हेलिकॉप्टर दोन हात वर उठलं आणि थांबलं. नाक सरळ. काचेतून बाईने मला अंगठा दाखवला. मग मशीन जरासं पुढे झुकलं, बांधीवरून धावत गेलं, पळसांच्या शेंड्यांवरून चढलं आणि नदीच्या दिशेने वळलं. मामा टाळ्या वाजवत होते. त्यांनीच सगळ्यात जास्त वाजवल्या.

भाऊ मात्र तसेच उभे होते. लोक त्यांच्या बाजूने जात होते, कोणी 'येतो भाऊ' म्हणत होतं, कोणी जेवणाचं कौतुक करत होतं. काट्याबद्दल एक शब्द नाही. मला राहवेना. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी चुन्याच्या वर्तुळावर उभे राहून आभाळात बघत होते. तीस वर्षं भाऊंच्याच गिरणीत धान घालणारे, सकाळी त्यांनीच मला सांगितलं होतं.

"काय जी बाबाजी," मी विचारलं, "काटा चार किलो खाते, हे तुमाले माहीत होतं?"

"होतं नं."

"समद्यायले?"

"समद्यायले."

"मंग इतके वर्षं इथंच काहून आनता धान?"

त्यांनी आभाळातून नजर काढली नाही.

"आमी बी धानाले पानी मारूनच आनतो," ते म्हणाले.